‘ळ’ची फुकट दुरुस्ती

काल मेतकुटाची पाचशे लेबलं छापून आली. आता ती खोक्यासकट माळ्यावर आहेत आणि मी दात-ओठ खातेय.

इंदूरात डिझायनर मिळणं अवघड नाही, ज्याला विचाराल त्याचा एक भाचा डिझायनर असतोच. त्यातल्याच एका भाच्याला मी मजकूर वहीत लिहून फोटो काढून पाठवला. वर सांगितलं, “पारंपरिक हवं, पण मॉडर्न.” प्रूफ फोनवर आलं तेव्हा मी फोडणी देत होते. “छान,” म्हटलं.

प्रेसमध्ये नातवाच्या मुंजीची पत्रिका घ्यायला एक आजोबा बसले होते. त्यांनी न विचारता लेबल उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवून वाचू लागले.

“हरभर्याची दाल. हे हरभर्य कोण? आचार्यांपैकी का?”

“हरभऱ्याची डाळ आहे हो ती.”

“असेल. इथे तर हरभर्य आहेत. आणि हे बघा, ‘कालजीपूर्वक भाजलेले’. काल भाजलं ते कळलं, पण जीपूर्वक म्हणजे? फारच मानानं भाजलेलं दिसतंय!”

प्रेसवाला हसला. “दीदी, फाइल जैसी आई, वैसी छापी.” त्याचं खरंच होतं. अक्षरांचे कर्व्ह करून फाइल आली की ती अक्षरं राहत नाहीत, नुसती चित्रं होतात. कोण तपासणार?

भाच्याला फोन केला. “मैडम, आपने हर जगह ळ लिख दिया था। मैंने फ्री में ठीक कर दिया।” आता करेक्शनचे वेगळे पैसे! ठरलेल्या दोन फुकट दुरुस्त्या मी बरणीच्या झाकणाच्या रंगावर उडवल्या होत्या, हेही त्यानं आठवण करून दिलं. राग त्याच्यावर काढावा तर वहीचा फोटो मीच पाठवलेला. पण ळ चूक वाटावा, तेही होळकरांच्या इंदूरात?

या खेपेला भाव विचारण्याआधीच मी तिघांना एक ओळ युनिकोडमध्ये टाइप करून दिली: ‘हरभऱ्याची डाळ, काळजीपूर्वक निवडलेली’. पुन्हा टाइप करायचं नाही, हीच कॉपी करायची आणि कर्व्ह न करता पीडीएफ पाठवायची. शंभर रुपये देईन म्हटलं. एकाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालूच नव्हती, त्यामुळे ‘नि’ची वेलांटी ‘न’ला ओलांडून पलीकडे जाऊन बसली. दुसऱ्यानं पुन्हा हरभर्य आणले. तिसरीची ओळ बिनचूक आली. काम तिला दिलं.

तिचं प्रूफ घरच्या प्रिंटरवर लेबलाच्या खऱ्या मापात छापलं. फोनवर मोठं करून सगळंच वाचता येतं, पाकिटावर चिमटीनं मोठं करता येत नाही. मग ते घेऊन त्याच आजोबांकडे गेले. पाव किलो मेतकुटाच्या बोलीवर.

त्यांनी दोनदा वाचलं. चूक सापडेना तसा चेहरा उतरत गेला. मग एकदम खुलला.

“सगळं ठीक. पण वजन कुठंय?”

वजन मी मजकुरातच लिहिलं नव्हतं.