एक बँड, दोन समीक्षक

आपल्याकडच्या मैफलींचे वृत्तांत वाचताना मला नेहमी एकच हुरहूर लागते. "मैफल उत्तरोत्तर रंगत गेली", "श्रोते मंत्रमुग्ध झाले", "भैरवीने सांगता झाली". वाचून संपतं, पण गायिकेने त्या संध्याकाळी नेमकं काय केलं, ते कळत नाही. अशा वेळी मला साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरांनी काढलेली रॉकची मासिकं आठवतात. त्यातली कित्येक मतं पुढे उलटली, तरी ती परीक्षणं आजही वाचावीशी वाटतात. का, ते डेट्रॉइटच्या एमसी५ या एकाच बँडच्या उदाहरणावरून सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६६च्या सुरुवातीला पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने 'क्रॉडॅडी' नावाचं मासिक काढलं. सायक्लोस्टाइलवर काढलेली थोडी पानं, पाचशे प्रती. विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये अशी घरगुती पत्रकं काढायची रीत होती, ती त्याने गाण्यांसाठी उचलली. तोवर पॉपबद्दल छापून यायचं ते एक तर कंपन्या आणि दुकानदारांसाठीच्या व्यापारी पत्रांत, नाही तर गायकाचा आवडता रंग कोणता हे सांगणाऱ्या किशोरवयीनांच्या मासिकांत. रेकॉर्ड नीट ऐकून तिच्याविषयी विचार मांडणारं जवळजवळ काहीच नव्हतं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी 'रोलिंग स्टोन' सुरू केलं. तेव्हा त्यातल्या परीक्षणांना तारे नसायचे. त्यामुळे पटवायचं ते लिहूनच पटवावं लागायचं, आणि माझ्या मते त्या पिढीचं लेखन कसदार झालं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता एमसी५. जानेवारी १९६९मध्ये हा बँड 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर झळकला, तेव्हा त्यांचा एकही अल्बम बाजारात नव्हता. क्रांती, तरुणाई, अफाट ऊर्जा अशी हवा आधीच तयार झाली होती. फेब्रुवारीत 'किक आउट द जॅम्स' आला, डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेला. एप्रिलमध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'मध्ये त्याचं परीक्षण छापून आलं. लेखक लेस्टर बँग्ज, वय वीस, कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावातला. या मासिकातलं त्याचं हे पहिलंच परीक्षण, आणि त्यात त्याने अल्बमची चामडी सोलली.

शिव्या कुणालाही देता येतात, पण बँग्जने एक नेमकी गोष्ट केली. शीर्षकगीताबद्दल त्याने लिहिलं की हे बॅरेट स्ट्राँगचं 'मनी' किंग्जमेन या बँडने वाजवल्यासारखं वाटतं. हे वाक्य वाचून वाचक ती गाणी लावून स्वतः ताडून पाहू शकतो. तीन-चार कॉर्ड, ओबडधोबड ठोका, घसा फाटेस्तोवर गायन. बँग्जचं म्हणणं असं की संगीत हे एवढंच आहे, फरक फक्त भोवतीच्या गाजावाजाचा. ज्या मासिकाने बँडला मुखपृष्ठ दिलं, त्याच मासिकाने तीन महिन्यांनी हे छापलं, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरा समीक्षक जॉन लँडाउ. 'क्रॉडॅडी'तून आलेला, अभ्यासू, स्वतः गिटार वाजवणारा. १९६८मध्ये त्याने क्रीम बँडच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना त्यांचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन ब्लूजमधल्या ठरीव सुरावटींचाच उस्ताद आहे, असं म्हटलं होतं. ते वाचून आपल्याला भोवळ आली, असं क्लॅप्टनने पुढे सांगितलं. लँडाउचा आग्रह सरळ होता: गाणं आटोपशीर हवं, गिटारवाल्याने भटकू नये, पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची शिस्त सोडू नये.

हाच लँडाउ एमसी५च्या दुसऱ्या अल्बमचा निर्माता झाला! १९७०चा 'बॅक इन द यूएसए'. तो ऐकताना समीक्षकाचं मत अक्षरशः कानावर पडतं. सुरुवात लिटल रिचर्डच्या 'तुटी फ्रुटी'ने, शेवट चक बेरीच्या गाण्याने, मधली बहुतेक गाणी छोटी आणि घट्ट. सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. पण आवाज पातळ आहे. वरचे स्वर टोचतात आणि खालचा बेस जवळजवळ नाहीसा झालेला. पहिल्या अल्बममधला गोंगाट काढता काढता त्याचं वजनही गेलं. तो फारसा विकलाही गेला नाही. पुढच्या काही बँडना त्यातली घट्ट रचना फार आवडली, हे मान्य. तरीही माझं मत ठाम आहे: समीक्षकाने त्याच बाजारात रेकॉर्ड बनवायला उतरू नये. लँडाउ पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा निर्माता आणि व्यवस्थापक झाला, आणि त्यात यशस्वीही झाला. पण त्याबरोबर त्याच्यातला समीक्षक आपण गमावला.

बँग्जची वाट उलट दिशेने गेली. १९७०च्या अखेरीस त्याने डेट्रॉइटच्याच 'क्रीम' मासिकात (वरच्या बँडचं नाव आणि हे नाव उच्चारात सारखं, स्पेलिंग वेगळं) स्टूजेस या बँडच्या 'फन हाउस' अल्बमवर इतकं लांबलचक लिहिलं की ते दोन अंकांत छापावं लागलं. तोच ओबडधोबडपणा, तेच मोजके कॉर्ड, पण आता तो त्याची बाजू घेत होता. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजला की अंगात काय चढत जातं, शेवटाकडे सॅक्सोफोन शिरला की हे संगीत मुक्त जॅझच्या किती जवळ जातं, हे तो उलगडून दाखवतो. मला विलक्षण वाटतं ते हे, की 'फन हाउस'चा निर्माता डॉन गलुच्ची हा किंग्जमेनचाच जुना कीबोर्डवादक होता. दीड वर्षापूर्वी बँग्जने हिणवण्यासाठी जे नाव वापरलं, त्याच मुळाशी तो प्रेमाने परत आला होता. त्याला एमसी५चा पहिला अल्बमही पुढे मनापासून आवडू लागला.

इथून अभिरुची खरोखर वळली. १९७१मध्ये 'क्रीम'मध्ये डेव्ह मार्शने 'पंक' हा शब्द अशा कच्च्या रॉकसाठी कौतुकाने वापरला. १९७२मध्ये लेनी के या समीक्षकाने साठच्या दशकातल्या विस्मृतीत गेलेल्या गॅरेज बँडची गाणी 'नगेट्स' नावाच्या दुहेरी अल्बममध्ये गोळा केली आणि सोबतच्या टिपणात तोच शब्द आणला. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंकचा स्फोट झाला तो त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ते संगीत कसं ऐकायचं, याची भाषा परीक्षणांत आधीच तयार होती.

यातल्या मुलांच्या आवडीनिवडीला मर्यादाही होत्या. लिहिणारे बहुतेक गोरे पुरुष, आणि सोल, फंक किंवा बायकांच्या पॉपला त्यांनी रॉकइतकी जागा दिली नाही. एलन विलिस १९६८पासून 'न्यूयॉर्कर'मध्ये रॉकवर उत्तम लिहीत होती, पण या इतिहासात तिचं नाव फार उशिरा घेतलं जातं. हे मला खटकतं.

ज्यांना रस आहे त्यांनी चार गाणी या क्रमाने ऐका: बॅरेट स्ट्राँगचं 'मनी', किंग्जमेनचं 'लुई लुई', एमसी५चं 'किक आउट द जॅम्स', आणि मग लँडाउने केलेलं 'तुटी फ्रुटी'. मला विचाराल तर वीस वर्षांच्या बँग्जने वर्णन अचूक केलं होतं आणि निकाल चुकीचा दिला होता. तुमच्या कानाला काय वाटतं ते लिहा, पण कुठल्या गाण्यात, कुठल्या ठिकाणी, तेही लिहा.