नेटवाल्याला फोन करण्याआधी गेम बंद करा

रविवारी ताईचा कल्याणहून फोन आला. "अरे, पीएस4 प्लेस्टेशनवर 40 जीबीचा गेम डाउनलोडला लावलाय याने, आणि तो 79 तास दाखवतोय! नेटवाला दोनदा येऊन गेला. मोबाइलवर तर 100 चा स्पीड येतोय." मागून भाच्याचा आवाज: "मामा, डीएनएस पण बदलला, तरी काही नाही."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण नेटवाल्या पोराची काहीच चूक नव्हती. मी पहिला प्रश्न विचारला, "आत्ता कुठला गेम चालू आहे?" भाचा म्हणाला, "नाही रे, होम स्क्रीनवर आलोय ना." नेमकं तिथेच गाडं अडतं. पीएस बटण दाबून होम स्क्रीनवर आलं म्हणजे गेम बंद होत नाही, तो मागे थांबून राहतो. आणि गेम उघडा असेल, अगदी मागे थांबलेला असला तरी, पीएस4 स्टोअरचं डाउनलोड मुद्दाम हळू करतो. जुहो स्नेलमन या नेटवर्कवाल्या अभियंत्याने 2017 मध्ये पॅकेट तपासून हे दाखवून दिलं होतं. माझ्या मते ऑनलाइन खेळताना लॅग येऊ नये म्हणून तसं केलं असावं.

हळू कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. कन्सोल सर्व्हरला सांगतो, "एका वेळी एवढंच पाठव, मी पोच दिली की पुढचं." या 'एवढंच'ला रिसीव्ह विंडो म्हणतात. गेम चालू असताना ती स्नेलमनच्या मोजणीत जेमतेम 7 केबी भरली. आता सर्व्हरपर्यंत जाऊन यायला 50 मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला 20 फेऱ्या होतात, म्हणजे 140 केबी. 40 जीबी त्या वेगाने आणायला साधारण 79 तास लागतात. लाइन 100 ची असो की 300 ची, फरक शून्य. विहीर भरलेली आहे, पण आपण पेल्याने पाणी काढतोय.

मोबाइलवरची स्पीड टेस्ट बहुतेक वेळा जवळच्या सर्व्हरशी आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून होते. म्हणून तिथला 100 चा आकडा खरा असतो, पण कन्सोलच्या डाउनलोडबद्दल तो काहीच सांगत नाही.

भाच्याला गेमच्या आयकॉनवर जाऊन OPTIONS बटण दाबायला आणि Close Application निवडायला सांगितलं. मग डाउनलोड थांबवून परत सुरू केलं. आकडा तीन तासांवर आला. ताई फोनवरच "अगं बाई!" म्हणाली.

पण 100 च्या लाइनवर तीन तासही जास्तच. आता भाच्याने बदललेल्या डीएनएसकडे वळलो. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता देणारा, त्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही. पण गेमच्या फाइली अनेक शहरांतल्या सर्व्हरांवर ठेवलेल्या असतात, आणि त्यातला कोणता तुम्हाला मिळेल ते पुष्कळदा कुठल्या डीएनएसने विचारलं यावर ठरतं. बाहेरच्या डीएनएसमुळे कधी लांबचा सर्व्हर पदरात पडतो, कधी जवळचा. फेऱ्यांचं अंतर वाढलं की वरचं गणित लगेच बिघडतं. म्हणून "8.8.8.8 टाक, उडेल" हा सल्ला एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याचं वाटोळं करतो. माझं स्पष्ट मत आहे की आधी Automatic ठेवून बघावं आणि मगच प्रयोग करावेत.

Settings > Network > Set Up Internet Connection मध्ये जाऊन Custom निवडायचं. IP Address Settings, DNS Settings आणि MTU Settings हे तिन्ही Automatic, आणि Proxy Server ला Do Not Use. एमटीयू म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा मावतो तो आकडा. भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत बघून तो 1473 केला होता, तोही परत घेतला. PPPoE च्या, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या लाइनवर मर्यादा 1492 असते, त्याखाली आकडा उतरवून वेग वाढत नाही. डाउनलोड मध्येच साफ गोठत असेल किंवा पानंच उघडत नसतील, तरच एमटीयूकडे बघावं. NAT Type चा तर डाउनलोडशी संबंधच नाही, तो मित्रांशी ऑनलाइन खेळ आणि व्हॉइस चॅट जुळण्यापुरता.

परत थांबवून सुरू केलं, म्हणजे नवीन पत्ता विचारला जातो. सव्वा तास!

आणि हो, ज्यांच्याकडे पहिला जाडा पीएस4 आहे, त्यांनी वायफायशी झगडत बसू नका. त्यात 5 गिगाहर्ट्झ नाहीच, फक्त 2.4 आहे. इमारतीतल्या दहा राउटरांच्या गर्दीत तो बिचारा काय करणार? राउटरपासून लॅनची केबल ओढा. ताईकडे स्लिम आहे, त्यात 5 गिगाहर्ट्झ चालतं, म्हणून केबलची गरज पडली नाही.

संध्याकाळी भाच्याचा मेसेज आला, गेम सुरू झाला. मी त्याला एवढंच लिहिलं की नेटवाल्या दादाला फोन करून सांग, लाइन ठीक होती.