दिव्याच्या रोखाने गेलात तर खडकावर जाल

‘फेरीबोटीवर मुलाने विचारलं, आजोबा, रात्री दीपगृह जहाजाला वाट कशी दाखवतं? म्हातारा खलाशी हसला. सोपं आहे बाळा, दिवा दिसला की तिकडे तोंड करून चालत राहायचं, बंदर येतं. दिवा जेवढा प्रखर, तेवढा लांबून दिसतो.’

गोष्ट गोड आहे, पण या आजोबांना कुणी सुकाणू हाती देऊ नये. मुंबईच्या तोंडाशी प्रोंग्जचा दिवा १८७५ पासून उभा आहे, तो कुलाब्याच्या टोकाबाहेरच्या खडकावर. तिकडे तोंड करून निघालेली बोट त्याच खडकावर फुटेल. दिवा ‘ये’ म्हणत नाही. तू कुठे आहेस ते शोधायला मदत करतो.

कसं, ते पाहू. प्रोंग्जच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर खांदेरी बेटाचा दिवा आहे, १८६७ चा. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजाला होकायंत्रावर प्रोंग्ज बरोबर ईशान्येला दिसला, तर नकाशावर त्याच्यापासून नैऋत्येकडे रेघ ओढायची. जहाज या रेघेवर कुठेतरी आहे, एवढंच कळलं. लगेच खांदेरी आग्नेयेला दिसला, की तिथून वायव्येकडे दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे आपण, दोन्ही दिव्यांना जोडणाऱ्या ओळीपासून साधारण १० किलोमीटर पश्चिमेला. हे दोन दिवे जवळजवळ एकाच रोखात दिसत असतील तर मात्र या पद्धतीवर विसंबू नये. तेव्हा रेघा इतक्या तिरक्या छेदतात की एका अंशाच्या चुकीने ठिकाण भलतीकडेच सरकतं.

पण हाच प्रोंग्ज कशावरून? इथे स्टॉपवॉच लागतं. प्रत्येक दिव्याची लुकलुक ठरलेली असते: किती झोत, आणि किती सेकंदांनी पुन्हा. ते दिव्यांच्या यादीत छापलेलं असतं. समुद्र खवळलेला असला की लाटेआड एखादा झोत हुकतो आणि दोनाचा एक होतो, म्हणून मोजणी दोन-तीनदा करायची. (जुन्या दीपगृहांत दिवा विझत नाही बरं का, भोवतीचं भिंग फिरतं.)

आता प्रखरतेचं. पृथ्वीची गोलाई आड आली की कितीही प्रखर दिवा दिसायचा नाही. दिवा समुद्रापासून ३६ मीटर उंच, बघणाऱ्याचा डोळा ४ मीटरवर: वर्गमुळं ६ आणि २, बेरीज ८. तिला दोनहून किंचित जास्तने गुणलं की साडेसोळा सागरी मैल, म्हणजे तीसेक किलोमीटर. स्वच्छ हवेत दिवा तिथे पहिल्यांदा क्षितिजावर येतो. धुकं असेल तर हा हिशेब सोडून द्या.

आजोबांना मुलाला खरंच काही दाखवायचं असतं तर तो क्षण दाखवायचा. दिवा दिसला की डेकवर खाली बसायचं: गायब. उभं राहायचं: पुन्हा हजर. तसं झालं तर दिवा नेमका क्षितिजावर आहे, आणि वरच्या हिशेबाने त्याचं अंतर लगेच सांगता येतं.