‘कर्मण्येवाधिकारस्ते’चा फिरणारा ‘शब्दशः अर्थ’ शब्दशः नाही

“‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ याचा शब्दशः अर्थ एकच आहे: काम करत राहा, फळाची अपेक्षा करू नकोस. बाकी सगळं भाष्यकारांनी पदरचं घातलंय. म्हणूनच केलेल्या कामाचा मोबदला मागत बसणं गीतेच्या विरुद्ध आहे.”

असा दावा फिरतो आहे. ‘शब्दशः’ म्हणायचं तर आधी शब्द मोजू. संधी सोडवून गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला हा सत्तेचाळिसावा श्लोक असा दिसतो: कर्मणि एव अधिकारः ते, मा फलेषु कदाचन, मा कर्मफलहेतुः भूः, मा ते सङ्गः अस्तु अकर्मणि. एकूण पंधरा शब्द. त्यांत ‘अपेक्षा’ नाही, ‘इच्छा’ नाही, ‘आशा’ही नाही. ‘काम करत राहा’ अशी आज्ञाही नाही. ती पुढच्या श्लोकात येते, ‘योगस्थः कुरु कर्माणि’. इथे आहे तो ‘अधिकार’. म्हणजे ज्याला शब्दशः अर्थ म्हटलं जातं, त्यातले दोन्ही कणे अर्थ लावणाऱ्याने घातलेले आहेत. ते घालणं चूक आहे असं मी म्हणत नाही. शंकराचार्यांनीही ‘मा फलेषु’ उलगडताना कर्मफळाची तृष्णा नको असंच सांगितलं आहे. पण तो उलगडा आहे, आणि त्याला शब्दशः म्हटलं की वाचणाऱ्याला मूळ शब्दाकडे जाण्याची गरजच वाटेनाशी होते.

मूळ शब्द मात्र फार बोलका आहे. मराठीत ‘अधिकार’ म्हटलं की हक्क किंवा सत्ता डोळ्यांपुढे येते. संस्कृतात, विशेषतः यज्ञकर्माची चर्चा करणाऱ्या मीमांसेत, अधिकार म्हणजे एखादं कर्म कोणी करायचं, ते करायला पात्र कोण, ही गोष्ट. आणि तिथला नेम असा की ज्याला फळ मिळायचं तोच कर्माचा अधिकारी. ‘स्वर्गकामो यजेत’, स्वर्ग हवा असलेल्याने यज्ञ करावा. कर्माचा अधिकार आणि फळाचं स्वामित्व तिथे एकाच दोरीने बांधलेलं असतं. आता या श्लोकाच्या आधीचे श्लोक पाहा. बेचाळीस ते चव्वेचाळीसमध्ये स्वर्गालाच सर्वस्व मानणाऱ्या, भोग आणि ऐश्वर्यासाठी कर्मकांडात रमलेल्या लोकांवर टीका चालली आहे. त्या पाठोपाठ ‘अधिकार कर्मात, फळांत नाही’ असं म्हणणं म्हणजे ती दोरीच कापणं. मला हा अर्थ संदर्भाला सर्वांत जवळचा वाटतो. हे माझं मत आहे, म्हणून मी ते टिपेत लिहीन, भाषांतराच्या ओळीत नाही.

दुसऱ्या चरणातला, ‘मा फलेषु’मधला ‘मा’ तर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. संस्कृत शिकवताना एका विद्यार्थिनीने वहीत लिहिलेलं वाक्य मला अजून आठवतं: ‘फळांवर तुझा कधीच हक्क नाही.’ लिहून झाल्यावर तिनेच विचारलं, “पण मग इथे ‘न’ का नाही?” प्रश्न अगदी नेमका होता. एखादी गोष्ट नाही असं सांगायला संस्कृतात ‘न’ येतो. याच अध्यायात सात श्लोक आधी ‘प्रत्यवायो न विद्यते’ आहे, म्हणजे दोष लागत नाही. ‘मा’ मात्र निषेधाचा आहे, असं होऊ नये, असं करू नकोस. अठराव्या अध्यायातलं ‘मा शुचः’ सगळ्यांना माहीत असतं. त्याचा अर्थ कोणी ‘तू शोक करत नाहीस’ असा करत नाही. तेव्हा व्याकरण धरून चाललं तर ‘फळांवर तो कधीही नसो’ असंच येतं. ‘नाही’ आणि ‘नसो’ यांतलं अंतर मोठं आहे. ‘नाही’ म्हटलं की जगाची रीत सांगितल्यासारखं होतं, ‘नसो’ म्हटलं की अर्जुनाच्या मनाला वळण लावणं होतं. टिळकांनी गीतारहस्यात फळ मिळणं न मिळणं आपल्या ताब्यात नसतं या अंगाने चरण लावला आहे, तोही विचारात घेण्यासारखा आहे. पण तो घेतला तर ‘मा’चा सूर मागे पडतो, हे वाचकाला कळायला हवं.

फिरणाऱ्या अर्थाने श्लोकाची दुसरी ओळ तर सरळ गाळली आहे. चार चरणांपैकी दोनच सांगून ‘अर्थ एकच’ कसा म्हणता येईल? टिळकांनी या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं. चारही लागतात, कारण प्रत्येक चरण आधीच्या चरणातून निघणारा गैरसमज अडवतो. फळ नको म्हटल्यावर कोणीही म्हणेल, मग कष्ट तरी कशाला? त्याला चौथा चरण उत्तर देतो: ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, कर्म न करण्याचीही ओढ नको. इथे पुन्हा मराठी आपल्याला फसवते. आपल्याकडे ‘संग’ म्हणजे सोबत, सहवास. इथे तो आसक्ती आहे. ‘अकर्म’ही वाईट काम नव्हे, कर्म न करणं आहे. ‘वाईट कामाची संगत धरू नकोस’ असा अर्थ मी छापलेला पाहिला आहे. शब्द सगळे मराठी झाले आणि अर्थ पार दुसरीकडे गेला.

भाष्यकारांनी पदरचं घातलं, या आरोपाचं खरं उत्तर तिसऱ्या चरणात मिळतं. ‘कर्मफलहेतुः’ हा समास आहे आणि तो दोन तऱ्हांनी सुटतो. तत्पुरुष धरला तर ‘कर्मफळाचं कारण’. शंकराचार्य असाच घेतात: तृष्णा धरलीस तर फळ मिळण्याला तूच कारण होशील, तसा होऊ नकोस. बहुव्रीही धरला तर ‘कर्मफळ हाच ज्याचा हेतू आहे असा’. गीतेचे जुने टीकाकार श्रीधरस्वामी यांचा कल इकडे आहे. शब्द तोच, व्याकरण दोन्हींना वाट देतं. म्हणजे इथे अर्थ न लावता भाषांतर करताच येत नाही. जो म्हणतो मी काहीच घातलं नाही, त्यानेही नकळत एक बाजू निवडलेली असते.

मग निवड करायची कशी? आधी आजूबाजूला पाहायचं. दोनच श्लोक पुढे, एकोणपन्नासाव्यात, ‘कृपणाः फलहेतवः’ आहे. तिथे ‘फळाची कारणं असलेले कृपण’ म्हटलं तर काही धड लागत नाही. ‘फळ हाच हेतू धरणारे लोक दीनवाणे होत’ हेच लागतं. जवळजवळ तोच समास, तोच वक्ता, तोच विषय. म्हणून मी सत्तेचाळिसाव्यातही बहुव्रीही घेतो. ही निवड माझ्या आवडीवर उभी नाही, तिचा पुरावा मजकुरातच आहे आणि तो कोणालाही तपासता येतो. अर्थ लावण्याची न्याय्य हद्द मी इथे मानतो.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘कर्मण्येव’ यातल्या ‘एव’वर शंकराचार्य म्हणतात, तुझा अधिकार कर्मातच, ज्ञाननिष्ठेत नाही. पण या श्लोकात कर्मासमोर उभा आहे तो ‘फलेषु’ हा शब्द. ज्ञाननिष्ठा या ओळीत कुठेच नाही. ती आचार्यांच्या एकूण मांडणीतून आली आहे. भाष्य म्हणून त्यांना तो पूर्ण अधिकार आहे, भाष्याचं कामच ते. साध्या मराठी अर्थात मात्र मी ते घेणार नाही, नाव कितीही मोठं असलं तरी.

घातलेला शब्द आपला की मुळाचा, हे ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. तो शब्द काढून पाहायचा. वाक्य मोडलं तर तो अध्याहार आहे, मुळाला तो गृहीतच आहे. पहिल्या ओळीत क्रियापद नाही, म्हणून ‘आहे’ आणि ‘नसो’ घालावेच लागतात. दुसऱ्या चरणात ‘अधिकार’ पुन्हा आणावा लागतो. त्यांना कंसही नको. शब्द काढूनही वाक्य नीट उभं राहिलं तर तो बहुधा आपला असतो. ‘निःस्वार्थपणे’, ‘प्रामाणिकपणे’, ‘देवावर भार टाकून’ हे तिन्ही शब्द मी या श्लोकाच्या अर्थांत वाचले आहेत, आणि तिन्ही काढले तरी वाक्याचं काही बिघडत नाही. समासाच्या विग्रहाला मात्र ही कसोटी पुरत नाही. तिथे शेजारचे श्लोकच पाहावे लागतात.

या हिशेबाने माझा मराठी अर्थ असा होतो: ‘तुझा अधिकार कर्मातच आहे, फळांवर तो कधीही नसो. कर्मफळासाठी कर्म करणारा होऊ नकोस, आणि कर्म न करण्याचीही ओढ तुला नसो.’ ‘अधिकार’ मी तसाच ठेवला, कारण ‘हक्क’ म्हटलं की पात्रतेची छटा जाते आणि ‘पात्रता’ म्हटलं की फळाच्या बाजूला वाक्य अडखळतं. त्याला टीप लागेल, दोन ओळींची. ‘हेतु’ मात्र तसाच ठेवला नाही. ‘कर्मफळाचा हेतू होऊ नकोस’ हे मराठीत नुसतं कोडं होतं.

राहिला मोबदला. श्लोकात वेतन, मजुरी, देणं-घेणं यांतलं काहीही नाही. दोन माणसांत ठरलेल्या देण्याला ‘कर्मफल’ म्हणायचं की नाही, हा वेगळा वाद आहे आणि तो ज्याला घालायचा त्याने स्वतःच्या नावावर घालावा. या श्लोकात तर फळाचा उच्चारही वर्ज्य नाही. बरोबर दहा श्लोक आधी, सदतिसाव्यात, हाच कृष्ण याच अर्जुनाला सांगतो: ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’, मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वी भोगशील. दोन्ही फळं नाव घेऊन सांगितली आहेत. लगेच पुढच्या श्लोकात लाभ-हानी, जय-पराजय समान मान असं येतं. सत्तेचाळिसावा श्लोक त्या समान मानण्याबद्दल आहे. दुसऱ्याचं देणं बुडवायला त्याचा आधार घेणारा माणूस अर्जुनाला सांगितलेलं वाक्य स्वतःच्या धनकोला ऐकवत असतो.