एकोणीस वर्षांचं अंतर आणि एकाच राशीतला राहू

प्रतिक्रिया: «तुम्ही मागच्या लेखात लिहिलंत की शनी आणि राहूच्या फेऱ्यांवरून वयात जास्त अंतर असलेल्या जोडप्याचं आयुष्य वाचता येतं. माझ्या धाकट्या बहिणीला एकोणीस वर्षांनी मोठं स्थळ आलंय. ती २६, तो ४५. आमचे गुरुजी नेमकं हेच सांगून आई-बाबांना पटवतायत: दोघांचा राहू एकाच राशीत, शनी नवपंचमात, पूर्वजन्मीचं नातं. तुमच्यासारखे लोक शिकल्यासवरल्या भाषेत लिहितात म्हणून हे खपतं. याची जबाबदारी घेणार का?»

ताई, तुमचा राग मला रास्त वाटतो. उत्तर जरा लांबणार आहे, कारण गुरुजींनी सांगितलेली दोन्ही वाक्यं गणिताने बरोबर आहेत आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे. हे नेमकं कुठे घसरतं ते तुमच्या आई-बाबांपर्यंत पोचायला हवं.

आधी राहू घेऊ. राहू-केतू उलटे चालतात, एका राशीत साधारण दीड वर्ष राहतात आणि सुमारे १८.६ वर्षांत पूर्ण फेरी करून मूळ जागी येतात. याचा सरळ अर्थ असा की ज्या दोघांच्या वयात साडेअठरा-एकोणीस वर्षांचं अंतर आहे, त्यांचा राहू एकाच राशीत किंवा फार तर शेजारच्या राशीत असणारच. तुमच्या बहिणीचा राहू ज्या राशीत आहे, त्याच राशीत त्या आधीच्या फेरीत दीड वर्षात जन्मलेल्या प्रत्येक माणसाचा राहू आहे. त्या दीड वर्षात देशात जन्मलेल्या सगळ्या पुरुषांशी तिचं पूर्वजन्मीचं नातं आहे असं गुरुजी म्हणणार नाहीत. पण त्यांचा निकष तेच म्हणतो.

आता शनी. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे वर्षाला सरासरी बारा अंशांहून थोडं जास्त. एकोणीस वर्षांत तो साधारण २३२ अंश पुढे जातो. दुसऱ्या बाजूने मोजलं तर १२८ अंश उरतात. नवपंचम म्हणजे १२० अंश, त्यामुळे अठरा ते वीस वर्षांच्या अंतरात दोघांचे शनी बहुतेक वेळा नवपंचमाच्या आसपास सापडतात. म्हणजे गुरुजींनी पत्रिकेतून दोन वेगवेगळ्या अनुकूल खुणा काढून दाखवल्यात असं आई-बाबांना वाटतंय. प्रत्यक्षात खूण एकच आहे, एकोणीस हा आकडा. तो एकदा राहूच्या नावाने मोजला आणि पुन्हा शनीच्या नावाने. अंतर सात-साडेसात वर्षांचं असतं तर शनी एकमेकांशी केंद्रात, म्हणजे ९० अंशांवर, पडले असते, चौदा-पंधरा वर्षांचं असतं तर समोरासमोर प्रतियोगात. राहूचं तसंच: नऊ-सव्वानऊ वर्षांच्या अंतरात एकाचा राहू दुसऱ्याच्या केतूवर येतो, आणि त्यालाही कर्मबंधन म्हणणारे आहेतच.

हे ग्रह वयाच्या अंतरासाठी का वापरले जातात, तेही सांगते. आपलं छत्तीस गुणांचं मेलन चंद्राच्या नक्षत्रावरून होतं. चंद्र सत्तावीस दिवसांत पुन्हा त्याच नक्षत्रात येतो, म्हणून दोन वर्षांनी मोठा मुलगा आणि वीस वर्षांनी मोठा माणूस यांचे गुण सारखेच जुळू शकतात. गुणमेलनाला वय दिसतच नाही. अंतर मोठं असलं की लोक काही विचारतात, आणि मग ज्योतिषी मंद ग्रहांकडे वळतो. त्यात आपली साडेसाती आहे, जी चंद्रराशीवरून ठरते, आणि पाश्चात्त्य ज्योतिषातून आलेली शनी रिटर्नची कल्पना आहे: शनी जन्मस्थानी परत येतो ती साडेएकोणतीस आणि एकोणसाठ ही वयं. मला दुसरी कल्पना उपयोगी वाटते, पण जुळणी ठरवायला नाही.

एक खरं जोडपं घेऊन दाखवते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, म्हणजे माधवराव, यांचा जन्म १८ जानेवारी १८४२चा, रमाबाईंचा २५ जानेवारी १८६२चा. अंतर वीस वर्षांचं. शनी आणि राहू दिवसाभरात फारसे हलत नाहीत, म्हणून जन्मवेळ ठाऊक नसली तरी हे ग्रह मांडता येतात. माधवरावांचा शनी निरयन धनू राशीत आहे आणि राहू मकरेत. रमाबाईंचा राहू धनू राशीत, कारण वीस वर्षं झाली म्हणजे राहूने एक फेरी पुरी करून सत्तावीसेक अंश पुढची चाल केली, आणि त्याची चाल उलटी. म्हणजे माधवरावांच्या शनीच्या राशीत रमाबाईंचा राहू. शनी-राहू एकत्र म्हटल्यावर भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. कुणी इथेच पत्रिका बंद करेल.

पण आता रमाबाईंचा शनी बघा. तो सिंह आणि कन्या यांच्या सीमेवर आहे, अंशभर इकडे की तिकडे हे तुम्ही कोणतं अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा हे ठरवणारं कोणतं अंतर, घेता त्यावर ठरतं. सिंहेत धरला तर धनूशी नवपंचम, शुभ. कन्येत धरला तर धनूशी केंद्र, कष्टाचा. माणसं तीच, जन्मतारखा त्याच, आणि पंचांग बदललं की अभिप्राय उलटा. मंद ग्रहांच्या राशी पाहून जोडपं पास-नापास करणाऱ्या कुणालाही ही पत्रिका द्यावी आणि दोन वेगळ्या अयनांशांनी उत्तर मागावं. शिवाय सरासरी गतीने वीस वर्षांत शनी एकशे पंधरा अंशांच्या नात्यात यायला हवा होता. तो प्रत्यक्षात १०५ अंशांच्या आसपास आहे, कारण शनीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तो मध्ये वक्रीही होतो. गुरुजींनी एकोणीसवरून तोंडी हिशेब केला असेल, तर प्रत्यक्ष ग्रहस्पष्ट मांडायला सांगा.

या पत्रिकेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुम्हाला गुरुजी सांगतील म्हणून आधीच लिहिते. रानडे १६ जानेवारी १९०१ला गेले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. त्या दिवशी गोचरीचा, म्हणजे तेव्हा आकाशात असलेला, शनी त्यांच्या जन्मशनीच्या जवळपास त्याच जागी होता. दुसरा शनी रिटर्न अगदी तोंडावर. मी स्वतः ही तारीख मांडली तेव्हा थरारले. पण या योगात माधवरावांचं असं काय आहे? जानेवारी १८४२ मध्ये जन्मलेल्या आणि तोवर जगलेल्या प्रत्येक माणसाचा शनी त्याच सुमारास परत आला. शनी रिटर्नवर मृत्यू म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर मृत्यू, आणि त्या काळात तो अनेकांना गाठत होता.

मग या फेऱ्यांतून काय दिसतं? मला दिसतं ते डिसेंबर १८७३. पहिली पत्नी गेल्यावर माधवरावांनी विधवेशी लग्न करावं अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहाखातर लग्न झालं ते अकरा वर्षांच्या मुलीशी. नवरदेव एकतिसाव्या वर्षी शनीची पहिली फेरी पूर्ण करून बसले होते. मुलीची अर्धी फेरीही, म्हणजे पावणेपंधरा वर्षंही, झाली नव्हती. एकाच्या शब्दावर घर चालतं आणि दुसरीला अजून अक्षरं शिकायची आहेत, हे त्या दोन आकड्यांत आहे. त्यांनी तिला शिकवलं, घरातल्या बायकांनी त्यासाठी तिला छळलं, आणि पुढे पुण्याच्या सेवासदनाचं काम तिने उभं केलं. यातलं काहीच शनी-राहूच्या नात्यात लिहिलेलं नव्हतं. ते त्या दोन माणसांचं कर्तृत्व होतं. आणि एकोणचाळिसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत तिला वैधव्य आलं, त्यानंतर ती तेवीस वर्षं जगली. वीस वर्षांच्या अंतरात हा धोका असतोच, आणि तो कळायला पत्रिकेची गरज नाही.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की फेऱ्यांवरून आयुष्य वाचता येतं, ते या अर्थाने. फेरी ही वयाचा टप्पा मोजण्याची पट्टी आहे. ती लावली की दोघांचे टप्पे शेजारी ठेवून बोलता येतं. जुळतं की नाही हे ती सांगू शकत नाही, कारण तिच्यात त्या दोन माणसांबद्दल काहीच नाही. चंद्र, लग्नरास, दशा या गोष्टी व्यक्तीगणिक बदलतात, त्यावर वाद घालायचा तर घाला. आणि खरं सांगायचं तर २००१च्या जनगणनेतल्या इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे एक कोटी विवाहित जोडप्यांच्या सूर्यराशी तपासल्या गेल्या, तेव्हा कुठल्याही राशींचं एकमेकांकडे झुकणं आढळलं नाही. ते सूर्यराशींचं आहे, शनीचं नाही, पण जुळणीचे दावे करताना मी ते विसरत नाही.

तुमच्या बहिणीवर हीच पट्टी लावते. ती २६ची, पहिला शनी रिटर्न अजून तीन-साडेतीन वर्षांवर. ज्योतिषात हा काळ काम, घर, माणसं यांबद्दलचे निर्णय पक्के व्हायचा मानतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी सांगते की नोकरी, शहर, मूल याबद्दलची तुमची मतं या वयात बदलू शकतात. तो ४५चा, त्याची फेरी कधीच झाली, त्याची मतं ठरलेली आहेत. लग्नानंतर ज्या वर्षी तिला वाटेल की आपण काहीतरी वेगळं करावं, त्या वर्षी तो अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासचा असेल. त्याचा दुसरा शनी रिटर्न एकोणसाठला, तेव्हा ती चाळिशीची, मुलं शाळेत. निवृत्ती, औषधं, सासूसासऱ्यांचं वार्धक्य आणि मुलांची फी, सगळं एकाच दशकात. गुरुजींना प्रिय असलेला राहू तर तिच्या सदतिसाव्या आणि त्याच्या छपन्नाव्या वर्षी एकदमच परत येईल. ज्याला ते दैवी योग म्हणतील, त्या वर्षी मला फक्त विचारावंसं वाटतं की घराचे निर्णय कोण घेतं आणि पैसा कुणाच्या नावावर आहे.

गुरुजींना एक साधी परीक्षा द्या. मुलाच्या जन्मतारखेच्या पुढेमागे महिन्याभरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाची तारीख घ्या, मावसभाऊ असो की ऑफिसातला सहकारी. नाव न सांगता बहिणीच्या पत्रिकेबरोबर ती पुढे करा. राहू आणि शनीचं उत्तर बहुतेक शब्दशः तेच येईल. ते आई-बाबांसमोर होऊ द्या, म्हणजे तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

आणि बहिणीला विचारा. तुमच्या पत्रात गुरुजी आहेत, आई-बाबा आहेत, तुम्ही आहात. तिला तो माणूस आवडतो की नाही, हे मला कुठे सापडलं नाही. आवडत असेल तर मी एकोणीस वर्षांच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही, वरच्या प्रश्नांवर त्या दोघांनी एकदा नीट बोलावं एवढंच म्हणेन. आवडत नसेल, तर शनी-राहूचा हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आई-बाबांशी त्या एका गोष्टीवर बोला.