चार्ज घेतल्यावर ग्रुपवर काय लिहावं

बँकेत मे-जून म्हणजे बदल्यांचे दिवस. या दिवसांत शाखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या मॅनेजरचे जे पहिले संदेश पडतात, ते बहुतेक एका साच्यातले असतात. "आपल्या सर्वांच्या सहकार्याने शाखेला नव्या उंचीवर नेऊ." खाली पुष्पगुच्छाचा फोटो आणि त्याखाली पंधरा नमस्कार. मला हे वाक्य मनापासून खटकतं. तीन वर्षं ज्यांनी शाखा चालवली, त्यांना आज आलेल्या माणसानं उंचीची भाषा ऐकवायची, म्हणजे आजवर तुम्ही खालीच होतात असं सांगायचं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण वाचणाऱ्यापर्यंत तेच पोचतं.

नवा माणूस आला की शाखेतल्या लोकांच्या मनात तीन प्रश्न असतात. आम्ही काय केलंय हे याला माहीत आहे का? आधीच्या साहेबांनी लावून दिलेली घडी राहणार की मोडणार? आणि हा आधीच्यांबद्दल कसं बोलतो? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आज हा त्यांच्याबद्दल जसं बोलतो, तसंच उद्या आपल्याबद्दल बोलेल, हे प्रत्येकाला कळतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी रुजू झाले. आधीचे साहेब तिथं तीन वर्षं होते. पहिल्या दिवशी ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या : मी रुजू झाले आहे, चार्ज पूर्ण झाला की सविस्तर लिहीन. आभार मानायचे तर कशाचे, हे आधी बघायला हवं होतं. आणि ते बघायची बँकेतली सगळ्यात चांगली संधी म्हणजे चार्ज.

बाहेरच्यांना वाटतं, चार्ज म्हणजे चाव्या दिल्या-घेतल्या आणि सही केली. तसं नाही. रोकड मोजायची. सोनेतारणाचं एकेक पाकीट बाहेर काढून सील बघायचं, पाकिटावरचा खाते क्रमांक आणि वजन रजिस्टरशी ताडायचं, एकूण आकडा सिस्टीमशी जुळवायचा. चावी रजिस्टरमध्ये तिजोरीच्या चाव्या कोणाकडून कोणाकडे गेल्या, त्या प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या आहेत का ते पाहायचं. कर्जाची कागदपत्रं, लॉकरचे करार, ऑडिटनं काढलेल्या त्रुटींची पूर्तता, वसुलीची प्रकरणं. हे करताना माणसांचा कामाचा हात ओळखू येतो. आमच्याकडे सोनेतारणाची पाकिटं पहिल्याच फेरीत जुळली. ज्या शाखेत कामं उद्यावर ढकलायची सवय असते, तिथं दोन पाकिटं दुसऱ्याच कप्प्यात सापडतात, खातं बंद होऊनही रजिस्टरमध्ये नोंद उघडी दिसते. इथं तसं काही नव्हतं.

पण मी खरी थांबले ती एका लांबट वहीपाशी. पीककर्जाच्या नव्या-जुन्याची गाववार वही.

नवं-जुनं म्हणजे जुनं पीककर्ज भरून पुढच्या हंगामाचं नवं उचलायचं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शेतकऱ्याला ७ टक्क्यांनी मिळतं. वेळेत परत केलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, आणि त्यावर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतूनही सवलत मिळते. म्हणजे तारीख पाळणाऱ्याला कर्ज जवळपास शून्य टक्क्यानं पडतं. तारीख हुकली की सवलत गेली, आणि सोयाबीन-हरभऱ्यासारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जात जमा. मग त्या माणसाला नवं कर्ज मिळणं अवघड, आणि पेरणी तर तोंडावर. त्यामुळे नव्या-जुन्याची आठवण वेळेत करणं हे ग्रामीण शाखेतलं सर्वांत महत्त्वाचं काम, असं माझं मत आहे. ते कुठल्याही आकडेवारीत वेगळं दिसत नाही.

सिस्टीम थकबाकीची यादी देते. पण ती देते तेव्हा तारीख उलटलेली असते. या वहीत प्रत्येक नावापुढे तारखेच्या बरीच आधीची नोंद होती. "सोयाबीन विकल्यावर." "तूर घरात आहे, भाव बघतोय." "मुलगा पुण्यात, फोन त्यालाच करावा." "नवरा वारला, वारसनोंद तलाठ्याकडे अडली आहे, एकदा सोबत जाणे." साहेबांनी ही वही सुरू केली. कृषी अधिकारी गावातून आले की त्यात लिहायचे, आणि गावोगावी बँकेची कामं करणारे बँकमित्र शनिवारी येऊन आपल्या गावाचं पान पुरं करायचे. अक्षरं तीन-चार जणांची, शाई वेगवेगळी, पण नोंदी कुठंही तुटलेल्या नव्हत्या.

ही वही वाचल्यावर मी संदेश लिहायला बसले. ग्रुपवर नावं होती, इथं हुद्दे लिहिते.

"नमस्कार. आज चार्ज पूर्ण झाला. सही करण्याआधी जे पाहिलं ते लिहिते.

सोनेतारणाची सगळी पाकिटं पहिल्या फेरीत जुळली. हेड कॅशिअर सर आणि सोनेतारण पाहणाऱ्या मॅडम, रोज संध्याकाळी घाई न करता हिशेब मिटवल्याशिवाय असं होत नाही. मनापासून आभार.

लॉकरचे नवे करार एकही बाकी नाही. बाहेरगावच्या ग्राहकांना पुन्हा पुन्हा फोन करून ते काउंटरवरच्या मॅडमनी आणि दफ्तरी मामांनी पूर्ण करून घेतले, असं साहेबांनी आवर्जून सांगितलं. तुम्हा दोघांचे आभार.

पीककर्जाची गाववार वही पूर्ण वाचली. साहेबांनी ती सुरू केली, कृषी अधिकारी आणि आपले बँकमित्र यांनी ती एकही महिना पडू दिली नाही. ती अशीच चालू राहील.

साहेब, मला शाखेची माहिती विचारत बसावं लागलं नाही, ती लिहिलेली मिळाली. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

साहेबांनी मंजूर केलेल्या रजा, जेवणाच्या पाळ्या, कामाची वाटणी आहे तशीच राहील. काही बदलावं असं वाटलं तर आधी त्या व्यक्तीशी बोलेन, ग्रुपवर नंतर लिहीन. येत्या काही दिवसांत प्रत्येकाजवळ बसून काम समजून घ्यायचं आहे. अडचणीही तेव्हा सांगा."

लॉकरची ओळख द्यायला हवी. रिझर्व्ह बँकेनं जुन्या लॉकरधारकांशी नवे करार ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत करून घ्यायला सांगितले होते. तालुक्यात लॉकर आजोबांच्या नावावर, मुलगी हैदराबादला, एक सही इथं तर दुसरी तिकडं. ते काम किती चिवट होतं हे बँकेतल्यांना माहीत आहे. माझ्या कच्च्या मजकुरात त्याचं श्रेय साहेबांना होतं. मजकूर मी त्यांना आधी वाचायला दिला, तर त्यांनीच स्वतःचं नाव खोडून ती दोन नावं घातली. म्हणून मी म्हणते, आधीचा मॅनेजर कार्यमुक्त होण्याआधी हा मजकूर त्याला दाखवावा, आणि तो ग्रुपमध्ये असतानाच टाकावा. माणूस ग्रुपमधून गेल्यावर त्याचं कौतुक करणं म्हणजे पाठवणी झाल्यावर आहेर करण्यासारखं आहे. शिवाय कुठलं काम खरं कोणाचं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

काय लिहिलं नाही, तेही सांगते. टार्गेट लिहिलं नाही. चालू-बचत ठेवींचं उद्दिष्ट क्षेत्रीय कार्यालयाकडून त्याच आठवड्यात आलं होतं, पण आभारांच्या खाली आकडा आला की वरचे आभार त्या आकड्यासाठी होते असं लोक धरून चालतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. थकीत खात्यांबद्दल लिहिलं नाही. ती होती, काही ठिकाणी वसुली ढिली पडली होती, ते मी पुढच्या आठवड्यात बैठकीत समोरासमोर काढलं. एकाही कर्जदाराचं नाव किंवा खाते क्रमांक मजकुरात येऊ दिला नाही, कारण ग्रुपमधला मजकूर तालुकाभर फिरायला वेळ लागत नाही. आणि "सगळं पूर्वीसारखंच राहील" असं तर मुळीच लिहिलं नाही. ते खरं नसतं. नव्या मॅनेजरकडे पहिल्याच महिन्यात कोणीतरी येतं आणि म्हणतं, "साहेबांनी शब्द दिला होता." रजा आणि कामाची वाटणी मी शब्दाप्रमाणे पाळू शकते. कर्जमंजुरीचं मात्र तसं नाही, ती कागदपत्रांवरच होणार. म्हणून काय राहील ते नेमकं लिहिलं आणि बाकी मोकळं ठेवलं.

ओळखीतले नवे मॅनेजर विचारतात, आधीच्यानं घोळ घालून ठेवला असेल तर? मलाही एका शाखेत तसं मिळालं होतं. ऑडिटची पूर्तता अपुरी, कागदपत्रांच्या फायली विस्कटलेल्या, कर्मचारी त्या साहेबांवर चिडलेले. तिथं मी एकाच गोष्टीसाठी त्यांचे आभार मानले : कोविडच्या काळात काउंटर बंद पडू नयेत म्हणून त्यांनी पाळ्या लावल्या होत्या आणि स्वतः रोज हजर राहिले होते. ते खरं होतं आणि रागावलेल्या लोकांनाही ते नाकारता येत नव्हतं. मोठेपणाची विशेषणं लावली असती तर कर्मचाऱ्यांनी माझ्यावरचा विश्वास त्याच दिवशी काढून घेतला असता. टोमणा मारला असता तर त्यांना दोन दिवस बरं वाटलं असतं, पण नंतर आपली पाळी कधी येईल या विचारानं ते माझ्यापासून चुका लपवू लागले असते. आणि तिजोरीच्या व्यवहारात लपवलेली छोटी चूक हीच पुढं मोठी होते. तिथल्या त्रुटींची यादी मी चार्ज रिपोर्टमध्ये लिहिली. ती लिहायची जागा तीच आहे. चार्ज रिपोर्टमध्ये सौजन्य म्हणून काही गाळू नये, कारण सही केल्यानंतर ती जबाबदारी आपली होते.

संदेश मराठीत लिहिण्याबद्दलही विचारणा झाली. आपल्याकडे अशा वेळी इंग्रजीत लिहायची पद्धत आहे, म्हणजे तो वरच्या साहेबांना पाठवता येतो. पण दफ्तरी मामा, सिक्युरिटी गार्ड आणि चारही बँकमित्र त्या ग्रुपमध्ये होते. बँकमित्रांचं तर सहसा कुणी नाव घेत नाही, ते बँकेच्या पगारावर नसतात, कमिशनवर काम करतात. त्यातल्या एकीनं त्या रात्री उत्तर पाठवलं. तिच्या गावातल्या अकरा जणांचं नवं-जुनं अजून बाकी आहे, आणि त्यातल्या दोघांच्या सातबाऱ्यावर जुन्या सोसायटीचा बोजा तसाच आहे, तो कमी करून घ्यायला कधी येऊ, असं तिनं विचारलं होतं. मी तिला सोमवारी अकराला बोलावलं.