कर्नलसाहेबांच्या नावाआधी काय, नंतर काय

गॅदरिंगला पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम आमच्या शाळेत मराठीच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे. नाटक बसवणाऱ्याला निदान प्रेक्षक तरी टाळ्या देतात, इथे चुकलं तरच लोकांना कळतं की कोणीतरी परिचय करून दिला.

यंदा पाहुणे निवृत्त कर्नल, सेना मेडल मिळालेले. मुख्याध्यापकांनी कच्चं लिहून दिलं, "आदरणीय सन्माननीय मा. श्री. सेना मेडल विजेते माजी कर्नल अमुक अमुक साहेब", म्हणजे नाव येईपर्यंत पोरं भाषण संपलं समजून टाळ्या वाजवणार! मी म्हटलं सर, कर्नल लावलं की श्री. नको, आणि माजी तर अजिबात नको, कारण लष्करात म्हणतात की माणूस रिटायर होतो, हुद्दा होत नाही. म्हणून कार्डावर आधी हुद्दा, मग नाव, मग सेना मेडल, आणि सगळ्यात शेवटी कंसात निवृत्त. बोलताना नुसतं "कर्नल अमुक" पुरतं, मेडलचं पुढच्या वाक्यात सविस्तर सांगायचं.

क्रीडाशिक्षक म्हणाले, मग गेल्या वर्षी पद्मश्री पाहुण्यांच्या नावाआधी पद्मश्री का लावू दिलं नाहीत? अहो, 1995 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की भारतरत्न काय नि पद्म काय, हे पुरस्कार आहेत, किताब नाहीत, सबब नावाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. "यांना पद्मश्री पुरस्कार मिळालाय" असं सरळ वाक्यात सांगा, कोणी अडवत नाही. (तरी बॅनरवाल्यानं लावलंच होतं, ते सोडा.)

मग बायोडेटा. दोन पानं, शेवटी छंद: वाचन, ट्रेकिंग. खाली पोरी लावणीचा मेकअप करून घामाघूम बसलेल्या असतात, त्यांना छंदांचं काय. दोन मिनिटांत आटपायचं तर सध्या काय करतात, कुठे काम केलं आणि आपल्या पोरांशी नातं काय एवढंच ठेवायचं. आणि नावाचा उच्चार स्वतः पाहुण्यांना फोन करून विचारायचा, क्लार्कला नाही.

संबोधनात पहिलं नाव कार्यक्रमाच्या अध्यक्षांचं, मग प्रमुख पाहुण्यांचं. आमचे अध्यक्ष म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, तलाठी म्हणून रिटायर झालेले. ते मागे उभे राहून हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "गुरुजी, हुद्दा रिटायर होत नाही म्हणता, मग आमच्या नावाआधी 'माजी तलाठी' कशाला छापलंय?"

मी म्हटलं, भाऊसाहेब, ते फक्त लष्करात.

"मग तसं नका लिहू," ते म्हणाले, "नुसतं भाऊसाहेब लिहा. पण मा. मोठ्या अक्षरात."